सहा आठवडे की सहा महिने?

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सबमिशनचा सीझन. होस्टेलच्या आमच्या विंगमध्ये जर्नल कॉपी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जोरात चालू होता. रात्री साडेअकराला मेल चेक केला तर कंपनीच्या एचआरचा मेल. 'आपली बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन प्रक्रिया सुरू होत आहे. खालील लिंकवरचा फॉर्म सात दिवसांत भरावा.' ऑक्टोबरमध्ये कॅम्पसला प्लेस झालो तेव्हा अख्ख्या विंगला पार्टी दिली होती. जुलैमध्ये जॉइन व्हायचं होतं. सगळं कसं छान चाललं होतं. आणि त्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मी अडकलो.

तिसऱ्या पानावर एवढंच विचारलं होतं : संस्थेचं नाव, पत्ता, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, पद काय, वरिष्ठ कोण, त्यांचा फोन नंबर. आणि खाली, 'प्रमाणपत्र अपलोड करा.'

माझ्या रिझ्युमेत लिहिलं होतं, 'पीएलसी प्रोग्रॅमर इंटर्न, जानेवारी ते जुलै, सहा महिने.' माझ्या फाइलमधल्या प्रमाणपत्रावर होतं, 'इनप्लांट ट्रेनी, ५ जून ते १६ जुलै.' मोजून बेचाळीस दिवस. सहा आठवडे!

मित्रांनो, हा लेख त्या साडेचार महिन्यांच्या फरकाबद्दल आहे. कबुलीजबाब म्हणा हवं तर. पण लिहायचं कारण वेगळं आहे. तो मेल आल्यावर मी विंगमध्ये ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रिझ्युमेत असं काहीतरी होतं आणि प्रत्येकाकडे एकेक रामबाण उपाय होता. ते सगळे उपाय मी आठ दिवस डोक्यात घोळवले. माझं आता ठाम मत झालंय की त्यातला एकच उपाय चालतो, तो सगळ्यात जास्त टोचतो, आणि तो सुद्धा वेळेत केला तरच चालतो.

आधी हे घडलं कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचंही आठवेल. तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सातपूरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मी जात होतो. काम खरंच केलं. ड्रॉइंग बघून वायरिंग केलं, वायरींना फेरुल घातले, मल्टीमीटर घेऊन कंटिन्युइटी तपासली, पीएलसीचे इनपुट-आउटपुट एकेक करून चेक केले. लॅडर प्रोग्रॅम लिहायचे ते तिथले एक दादा. मी शेजारी स्टूल टाकून बघत बसायचो. माझं एकूण पीएलसी प्रोग्रॅमिंग म्हणजे त्या दादांनी सांगितल्यावर एका कन्व्हेयरच्या टायमरची किंमत पाचवरून आठ सेकंद केली. बस्स!

सप्टेंबरमध्ये प्लेसमेंटसाठी रिझ्युमे बनवायला बसलो, तेव्हा सीनिअर्सकडून वारसाहक्काने आलेली फाइल उघडली. त्यात त्यांचा 'सहा महिन्यांचा' अनुभव आधीच टाइप केलेला होता. मी कंपनीचं नाव बदललं. महिने बदलले नाहीत. रूममेट म्हणाला, "राहू दे रे, कोण बघतंय!" मग महिने सहा ठेवायचे तर सुरुवात जानेवारी करावी लागली, आणि सहा महिने नुसत्या वायरी जोडल्या असं कसं लिहायचं, म्हणून पदही वाढलं. एक आकडा तसाच ठेवला आणि त्याला सांभाळायला आणखी दोन गोष्टी खोट्या कराव्या लागल्या. गंमत म्हणजे जानेवारी ते मे मी कॉलेजमध्ये सहाव्या सेमिस्टरला बसत होतो. माझी अटेंडन्स, माझी टर्मवर्कची शीट, माझं परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं याच गावात, याच तारखांचं. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. रिझ्युमे वाचणाऱ्या माणसाच्या ते कधीही डोक्यात येऊ शकतं.

आता हे व्हेरिफिकेशन म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. आपल्याकडे त्याबद्दल भुताखेतांसारख्या कथा चालतात. कुणी म्हणतं घरी पोलीस येतात, कुणी म्हणतं नुसती नाटकं असतात, कुणी बघत नाही. खरं दोन्हीच्या मधलं आहे. कंपनी हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला देते. आपण फॉर्म भरतो, त्यासोबत संमतीपत्रावर सही करतो. त्यात आपण लिहून देतो की माझ्याबद्दलची माहिती माझ्या कॉलेजकडून, विद्यापीठाकडून, आधीच्या कंपनीकडून मागवायला माझी हरकत नाही. मग एजन्सीतला माणूस विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे मार्कशीट पाठवतो, आधीच्या कंपनीला मेल करतो. कंपनी छोटी असेल आणि तिथे एचआर नावाचं खातंच नसेल, तर सरळ मालकाला फोन करतो. ज्यांनी आधी नोकरी केली आहे त्यांची तर नोंद आणखी दोन ठिकाणी असते. पीएफच्या खात्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर इन्कमटॅक्सच्या फॉर्म २६एएस मध्ये कापणाऱ्याचं नाव असतं. आपल्यासारख्या इंटर्नचा पीएफ सहसा कापला जात नाही, त्यामुळे सगळा भार प्रमाणपत्रावर आणि त्या एका फोनवर.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एजन्सी आपल्याला पास किंवा नापास करत नाही. ती एक रिपोर्ट बनवते. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात : उमेदवाराने काय सांगितलं आणि तपासात काय आढळलं. दोन्ही जुळले तर हिरवा शेरा. कागद अपुरे असतील, समोरून उत्तर आलं नसेल किंवा फरक किरकोळ असेल तर पिवळा. ठळक तफावत असेल तर लाल. रंगांचा तपशील प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा असतो, पण पद्धत साधारण अशीच. मग त्या लाल शेऱ्याचं काय करायचं ते कंपनी ठरवते. आणि ऑफर लेटर पुन्हा एकदा काढून वाचा. पगाराचा आकडा बघून आपण ते मिटलेलं असतं, पण खालच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की ही ऑफर व्हेरिफिकेशन समाधानकारक झाल्यास लागू राहील, आणि माहिती खोटी आढळल्यास ती कधीही रद्द करता येईल. 'कधीही' मध्ये जॉइन झाल्यानंतरचे दिवसही आले.

म्हणजे सगळा खेळ त्या डाव्या रकान्याचा आहे. उजवा रकाना आपल्या हातात नाही. सातपूरच्या मालकांच्या रजिस्टरमध्ये ५ जून लिहिलंय ते लिहिलंय. डावा रकाना मात्र फॉर्म सबमिट करेपर्यंत आपल्या हातात असतो. त्यानंतर नाही. दुरुस्ती करायची ती त्याच्या आधी, असं मी म्हणतो ते यासाठी. आधी सांगितलं तर ती दुरुस्ती असते. रिपोर्ट आल्यावर सांगितलं तर तो खुलासा असतो. शब्द तेच असले तरी खुलासा मागितल्यावर दिला जातो, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. सबमिशनच्या दिवशी सरांनी विचारण्याआधी "सर, दोन एक्स्पेरिमेंट राहिलेत" म्हणणारा आणि सरांनी पानं उलटून बघितल्यावर तेच म्हणणारा, यातला फरक आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता विंगमधले रामबाण उपाय.

पहिला उपाय, प्रमाणपत्रच बदल. स्कॅन करून 'जून'चं 'जानेवारी' करणं पाच मिनिटांचं काम, असं सांगणारा भेटलाच. हा उपाय मी खरंच क्षणभरही धरला नाही, हे सांगताना मला उगाच बरं वाटतंय. रिझ्युमेत फुगवून लिहिणं ही अप्रामाणिक गोष्ट आहे, पण खोटा कागद बनवणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३३६ आणि ३४० या कलमांत तो बसतो. शिवाय तो कागद एजन्सी त्याच मालकांकडे पाठवणार, ज्यांनी मूळ कागदावर सही केली. म्हणजे ऑफर वाचवायला निघायचं आणि पोलीस स्टेशनात पोचायचं.

दुसरा उपाय जरा गोड आहे. "काका ओळखीचे आहेत ना? त्यांच्याकडूनच सहा महिन्यांचं लेटर आण." हा मात्र मी दोन दिवस मनात ठेवला होता. काका दिलदार माणूस. कदाचित दिलंही असतं. पण मग एजन्सीचा फोन आला की खोटं बोलायची जबाबदारी त्यांच्यावर. आणि त्यांनी विचारलं की "सहा महिने होता तर स्टायपेंड कसा दिला? हजेरी कुठाय?" तर काकांनी काय दाखवायचं? माझ्या एका ओळीसाठी वीस वर्षं पॅनेल बनवून नाव कमावलेल्या माणसाला खोटं बोलायला लावायचं. नाही जमलं.

तिसरा उपाय, फॉर्ममध्ये त्या इंटर्नशिपचा उल्लेखच करू नकोस. ऐकायला सोपा. पण रिझ्युमे एचआरकडे आहे, इंटरव्ह्यूच्या वेळी त्यावर खुणा केलेल्या आहेत. रिझ्युमेत असलेली गोष्ट फॉर्ममधून गायब झाली की ती जास्त नजरेत भरते.

चौथा उपाय सगळ्यात फसवा, आणि हुशार मुलं तोच सांगतात. "फॉर्ममध्ये खरं भर आणि गप्प बस. सही तर फॉर्मवर आहे, रिझ्युमेवर कुठे आहे?" यात अर्धं तथ्य आहे. फॉर्म हाच जास्त वजनदार कागद, त्यात खरंच लिहायला हवं. पण कंपनीने मला निवडलं ते रिझ्युमे वाचून. फॉर्म आणि रिझ्युमे शेजारी ठेवले की फरक दिसणारच, आणि तो एचआर मॅडमना एखाद्या तिसऱ्या माणसाकडून कळणार. त्यातून त्यांना काय समजेल? मुलाला खरं माहीत होतं, त्याने लिहिलंही, पण आपल्याला सांगितलं नाही. म्हणजे खरं बोलून सुद्धा लपवल्याचा ठपका! याला काय म्हणायचं?

उरला पाचवा. मेल करून सांगायचं.

इथे एक थांबा घेऊ, नाहीतर काही जण घाबरून रिझ्युमेतली प्रत्येक ओळ दुरुस्त करत बसतील. सगळंच कळवायची गरज नाही. माझी साधी कसोटी अशी : ज्या गोष्टीची नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी दप्तरात आहे, ती नोंदीप्रमाणेच हवी. तारखा, मार्क, पदवी, पद, बक्षीस, बॅकलॉग, गॅप. 'मेहनती', 'टीम प्लेअर', 'वाचनाची आवड' यांची नोंद कुठल्याच ऑफिसात नसते. 'सी++ उत्तम' लिहिलं असेल आणि येत नसेल तर ते इंटरव्ह्यूत तिथल्या तिथे उघडं पडतं, त्याला एजन्सी लागत नाही. आणि तारखेत दोन-चार दिवसांचा फरक असेल तर फॉर्ममध्ये प्रमाणपत्राप्रमाणे बरोबर तारीख भरा, पुरे. त्याच्यासाठी मेलचा पसारा नको. पण साडेचार महिने आणि 'ट्रेनी'चं 'प्रोग्रॅमर' हा दोन-चार दिवसांचा फरक नाही.

ही कसोटी हातात घेऊन मी माझा रिझ्युमे आणि प्रमाणपत्रांची फाइल समोरासमोर ठेवली. एकेक ओळ, एकेक कागद. एक खोटं शोधायला बसलो आणि दोन सापडली! 'राज्यस्तरीय प्रोजेक्ट स्पर्धा, द्वितीय क्रमांक' असं मी लिहिलं होतं. प्रमाणपत्रावर होतं 'सहभाग'. द्वितीय क्रमांक आमच्याच कॉलेजच्या फेरीत मिळाला होता. दोन वाक्यं कधी एकमेकांत मिसळली आणि मीच त्यावर कधी विश्वास ठेवायला लागलो, मला खरंच आठवत नाही. पण बरं झालं, आधी सापडलं. दुरुस्तीचा मेल एकदाच पाठवता येतो. आठ दिवसांनी 'आणखी एक राहिलं' म्हणून दुसरा पाठवला की पहिल्याची किंमत शून्य.

मग मेल लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'टायपिंगच्या चुकीमुळे'. वाचून मलाच हसू आलं. टायपिंगच्या चुकीने 'आठवडे'चे 'महिने' होतील एकवेळ, पण 'जून'चा 'जानेवारी' आणि 'ट्रेनी'चा 'प्रोग्रॅमर' एकाच वेळी कसा होईल? खोटं दुरुस्त करायला नवं खोटं! दुसऱ्या मसुद्यात दीड पान झालं. घरची परिस्थिती, वडिलांची निवृत्ती, एज्युकेशन लोनचा हप्ता, सगळं आलं. ते सगळं खरं होतं, पण मॅडमनी ते वाचून करायचं काय? त्यांना निर्णय घ्यायचा होता, त्यासाठी माहिती हवी होती. सुटकेसाठी रडगाणं गायलं की समोरच्याला वाटतं, अजून काहीतरी असणार.

शेवटी जो गेला तो इतकाच होता. मूळ इंग्रजीत, मराठीत सांगतो :

'आदरणीय मॅडम, माझ्या रिझ्युमेतील दोन नोंदी चुकीच्या आहेत व त्या मी स्वतः तशा लिहिल्या होत्या. पहिली : इंटर्नशिपचा काळ मी जानेवारी ते जुलै आणि पद पीएलसी प्रोग्रॅमर इंटर्न असे लिहिले होते. प्रत्यक्ष काळ ५ जून ते १६ जुलै आणि पद इनप्लांट ट्रेनी आहे. मी पॅनेल वायरिंग व इनपुट-आउटपुट तपासणी केली. पीएलसी प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला नाही. दुसरी : राज्यस्तरीय स्पर्धेत द्वितीय क्रमांक असे लिहिले होते. तो क्रमांक महाविद्यालयीन फेरीतील आहे, राज्यस्तरावर फक्त सहभाग होता. दोन्ही प्रमाणपत्रे आणि दुरुस्त केलेला रिझ्युमे सोबत जोडला आहे. बाकी सर्व नोंदी मी मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिल्या असून त्यांत फरक नाही. व्हेरिफिकेशनचा फॉर्म मी या दुरुस्त माहितीप्रमाणेच भरत आहे. आपल्याला काही विचारायचे असल्यास मी केव्हाही उपलब्ध आहे. झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व.'

काय लिहिलं होतं, खरं काय आहे, पुरावा काय, बाकीचं तपासलं का. चारच गोष्टी. 'सहा महिने नव्हते' एवढंच सांगून पदाचं राहू दिलं असतं तर ती अर्धी दुरुस्ती झाली असती. इंटरव्ह्यूत त्यांनी पीएलसीबद्दल विचारलं होतं आणि मी दादांच्या शेजारच्या स्टुलावर बसून जे पाहिलं ते माझं म्हणून सांगितलं होतं. महिने ही वरची साल, आत खरं ते होतं.

मेल सकाळी दहाला पाठवला. मुद्दामच फोन केला नाही. फोनवर आपण काय बोललो याची नोंद राहत नाही आणि समोरची व्यक्ती बदलली तर सगळंच गेलं. पाठवून झाल्यावर टीपीओ सरांच्या केबिनमध्ये गेलो. हे मला आधी करायला हवं होतं का, यावर अजूनही माझं मन पक्कं नाही. आधी गेलो असतो तर "गप्प बस" म्हणाले असते अशी भीती होती. पण कंपनीकडून त्यांना कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं, इतकं नक्की. सर चिडले. "कॉलेजचं नाव आहे रे बाबा! पुढच्या वर्षी ही कंपनी आली नाही तर?" त्यांचं चुकीचं नव्हतं. पण जाताजाता एक विचारावंसं वाटतं. प्लेसमेंट सेलमध्ये आपले मार्क मार्कशीटशी ताडून घेतात. मग इंटर्नशिपच्या ओळीसमोर प्रमाणपत्र का मागत नाहीत? सप्टेंबरमध्ये कुणी पाच मिनिटं काढून विचारलं असतं, तर एप्रिलची ही आठवडाभराची झोप वाचली असती. सीनिअर्सची फाइल पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकते, तिच्यातले सहा महिने सुद्धा सरकतात. हे थांबवणं सेलच्या हातात आहे.

चार दिवस काहीच उत्तर नाही. फॉर्मची मुदत संपायला एक दिवस होता, तेव्हा मी ठरल्याप्रमाणे खरं भरून सबमिट केला. पाचव्या दिवशी फोन. मॅडम आणि ज्यांनी माझा टेक्निकल इंटरव्ह्यू घेतला ते सर. वीस मिनिटं. सरांनी थेट विचारलं, "प्रोग्रॅम लिहिला नाहीस, मग केलंस काय?" मी टायमरची गोष्ट सांगितली. पाचचे आठ सेकंद. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ते हसले. नंतर वायरिंगबद्दल, फेरुल नंबरबद्दल, इनपुट येत नसेल तर आधी काय बघशील याबद्दल विचारलं. याची उत्तरं मला येत होती, कारण ते मी खरंच केलं होतं.

ऑफर राहिली. पण सगळं गोड झालं असं नाही. मला प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपमध्ये घेणार होते, आता पॅनेल टेस्टिंगमध्ये घेतलं आहे. पगार तोच, पण ज्यासाठी उड्या मारत होतो ते काम वर्षभर तरी नाही. आणि ते बरोबरच आहे. सहा आठवड्यांच्या मुलाला सहा आठवड्यांचीच जागा मिळाली.

माझ्या मावसभावाचं मात्र असं झालं नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे 'खरे बोला, नोकरी मिळवा' अशी जाहिरात होईल. तो दुसऱ्या विद्यापीठात शिकतो. सीजीपीए ६.४२. त्याच्या कंपनीची अट साठ टक्के. त्याने ६.४२ ला ९.५ ने गुणलं, आले ६०.९९. टाकले. आता हे ९.५ सीबीएसईच्या दहावीच्या पूर्वीच्या सीजीपीएचं होतं. त्याच्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं : सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. म्हणजे ५६.७. त्याला हे माहीत होतं, पण 'सगळेच ९.५ ने करतात' म्हणून त्याने केलं. माझी गोष्ट ऐकून त्यानेही मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं. आपण पात्रतेच्या अटीत बसत नाही, ऑफर मागे घेत आहोत, प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. आभार मानून काय होतं, मावशी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच्या आणि माझ्या केसमध्ये फरक कुठला? माझं खोटं काढून टाकल्यावरही मी अटीत बसत होतो. त्याचं खोटं हीच त्याची पात्रता होती. अशा वेळी दुरुस्तीने नोकरी वाचत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. मग करायची कशाला? कारण हे त्याला मे महिन्यात कळलं. हातात उन्हाळा होता, पंचावन्न टक्क्यांची अट असणाऱ्या कंपन्या होत्या, आणि कुठल्याही कागदावर 'माहिती खोटी आढळल्याने कमी केले' असा शेरा नव्हता. हेच ऑक्टोबरमध्ये, जॉइन झाल्यावर, पुण्यात रूमचं डिपॉझिट भरल्यावर कळलं असतं तर? पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये 'आधीची नोकरी का सोडली?' या रकान्यात काय लिहिणार होता तो?

सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंह खटल्यात काहीसं असंच सांगितलं आहे. तो प्रश्न पडताळणीच्या फॉर्ममध्ये फौजदारी खटल्याची माहिती लपवण्याचा होता, आपल्या रिझ्युमेचा नव्हे. पण त्यातल्या तीन गोष्टी मला विचार करण्यासारख्या वाटल्या. माहिती खरीच द्यायला हवी. लपवलेली गोष्ट अगदी क्षुल्लक असेल तर ती नजरेआड करण्याची मुभा मालकाला आहे. आणि माहिती खरी दिली म्हणून नोकरी द्यायलाच पाहिजे असंही बंधन नाही. म्हणजे खरं सांगणं हा वशिला नाही. ते फक्त निर्णय योग्य माणसाच्या हातात देणं आहे.

आणि निर्णय पुढे ढकलला तर काय होतं याचं एक उदाहरण फार मोठं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या डीन मॅरिली जोन्स. १९७९ मध्ये त्या तिथे रुजू झाल्या तेव्हा त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. त्या वेळच्या कनिष्ठ पदाला बहुधा पदवीची अटही नव्हती, असं नंतर एमआयटीच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी उत्तम काम केलं, देशभर नाव झालं. एप्रिल २००७ मध्ये ते उघड झालं आणि त्यांना पद सोडावं लागलं. आपल्या निवेदनात त्यांनी मान्य केलं की सध्याच्या पदासाठी अर्ज करताना किंवा त्यानंतरही कधी रिझ्युमे दुरुस्त करण्याचं धैर्य मला झालं नाही. मला त्यातलं 'त्यानंतरही कधी' हे लागलं. दरवर्षी दुरुस्ती महाग होत गेली आणि दरवर्षी ती पुढे ढकलणं जास्त सोपं वाटत गेलं.

माझ्यासाठी ती स्वस्त होती. एक मेल, एक बोलणी आणि एक प्रोग्रॅमिंगचा ग्रुप. तरी आठ दिवस झोप नव्हती.

म्हणून थर्ड इयरवाल्यांनो, सप्टेंबरमध्ये विंगमधली ती फाइल तुमच्याकडेही येईल. उघडल्यावर आधी त्यातला अनुभवाचा भाग डिलीट करा आणि स्वतःचं प्रमाणपत्र समोर ठेवून टाइप करा. आणि फायनल इयरमध्ये ज्यांना ऑफर आहे पण फॉर्म अजून आलेला नाही, त्यांनी आज रात्री जर्नल बाजूला ठेवून तासभर फाइल काढा. ओळ आणि कागद, ओळ आणि कागद. जुळलं तर शांत झोपा. नाही जुळलं तर मेलचा मसुदा वर दिलाच आहे. सबमिशनप्रमाणे हाही कॉपी केलात तरी चालेल, फक्त तारखा स्वतःच्या घाला!